छताच्या स्लॅबला ठरल्यापेक्षा स्वस्त सिमेंट: घरमालकाचे कंत्राटदाराला पत्र आणि त्यापुढचे प्रकरण

पुण्यात धायरीच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायला काढले होते, आणि साहित्यासह सगळे काम एकाच कंत्राटदाराकडे सोपवले होते. गच्चीचा स्लॅब सुमारे एक हजार चौरस फुटांचा, जाडी पाच इंच म्हणजे १२५ मिलिमीटर, आणि त्याखालच्या बीमसकट काँक्रीटचे माप १५ घनमीटर होते. करारनाम्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या: काँक्रीट एम २५ दर्जाचे असेल, आणि आरसीसीच्या सर्व कामाला ५३ ग्रेडचे साधे पोर्टलँड सिमेंट, म्हणजे ज्याला बाजारात ओपीसी म्हणतात ते वापरले जाईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेल्या मिश्रणात दर घनमीटरला ३५० किलो, म्हणजे सात गोण्या सिमेंट धरलेले होते. स्लॅब २१ डिसेंबरला टाकला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मालक जागेवर गेले असता जिन्याखाली रचून ठेवलेल्या २२ गोण्या त्यांनी पाहिल्या. गोणीच्या दर्शनी बाजूला ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, फ्लाय अ‍ॅश बेस्ड’ असे छापलेले होते, खाली मानक चिन्हाजवळ आयएस १४८९ भाग १ हा क्रमांक होता, आणि ग्रेडचा आकडा कुठेच नव्हता. ओपीसीच्या गोणीवर आयएस २६९ हा क्रमांक आणि ४३ किंवा ५३ हा ग्रेडचा आकडा असतो, त्यामुळे हा फरक वाचता येणाऱ्या कोणाच्याही लक्षात यावा असाच आहे. हे सिमेंट, म्हणजे पीपीसी, वीटकामाला आणि प्लास्टरला सर्रास वापरतात, तेव्हा ते साइटवर असण्यात गैर काहीच नव्हते. मालकांनी मात्र त्या आठवड्यात आलेल्या मालाची चलने मागून घेतली आणि मग हिशेब जुळेना.

हिशेब अगदी साधा आहे. स्लॅबच्या आधी गोदाम रिकामे होते, ही गोष्ट मुकादमाच्याच वहीत होती. त्या आठवड्यात १३० गोण्या आल्या, त्यांपैकी ५० ओपीसीच्या आणि ८० पीपीसीच्या होत्या. स्लॅबनंतर २२ गोण्या उरल्या आणि त्या सगळ्या पीपीसीच्या होत्या. मधल्या काळात दुसरे कोणतेही काम झालेले नव्हते. म्हणजे स्लॅबमध्ये १०८ गोण्या गेल्या, आणि १५ घनमीटरला सात गोण्यांप्रमाणे लागणाऱ्या १०५ गोण्यांशी हा आकडा बरोबर जुळतो. त्या १०८ पैकी ५० ओपीसीच्या असतील तर उरलेल्या ५८ पीपीसीच्याच असल्या पाहिजेत. घट्ट झालेले काँक्रीट पाहून किंवा ठोकून त्यात कोणत्या ग्रेडचे सिमेंट गेले हे सांगता येत नाही, त्यामुळे या प्रकरणात खरा पुरावा होता तो चलनांचा, गोण्यांचा आणि वहीतल्या नोंदींचा. मालकांनी त्या तिन्हींचे फोटो काढून ठेवले, हे त्यांनी फार चांगले केले.

मग त्यांनी पत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी ते मला वाचायला दिले. त्या मसुद्यात ‘हलक्या प्रतीचे सिमेंट’, ‘आमच्या जिवाशी खेळ’, ‘पैसे खाल्ले’ अशी वाक्ये होती आणि शेवटी संपूर्ण स्लॅब तोडून नव्याने टाकून देण्याची मागणी होती. रागाचे कारण समजण्यासारखे होते, पण त्या पत्राला कंत्राटदाराने एका ओळीत उत्तर दिले असते की पीपीसी हे मानकात बसणारे सिमेंट आहे, आरसीसीला चालते, आणि तुमचा आरोप चुकीचा आहे. त्यातला पहिला भाग खरा असल्यामुळे पुढचे बोलणेच खुंटले असते.

सिमेंटची ग्रेड आणि काँक्रीटचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या प्रकरणातला निम्मा गोंधळ तिथेच होता. ५३ ग्रेड याचा अर्थ, एक भाग सिमेंट आणि तीन भाग प्रमाणित वाळू यांच्या मसाल्याचा सुमारे सात सेंटिमीटरचा क्यूब प्रयोगशाळेत २८ दिवसांनी दाबला तर त्याने चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटनचा दाब सोसला पाहिजे. एम २५ हा मात्र खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी मिळून झालेल्या काँक्रीटच्या १५ सेंटिमीटरच्या क्यूबचा आकडा आहे. पाण्याचे प्रमाण नीट राखले तर पीपीसी वापरूनही एम २५ मिळते, आणि उलट मिक्सरवाल्याने हात सैल सोडून पाणी ओतले तर ५३ ग्रेड वापरूनही मिळत नाही. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ हे पीपीसीला आरसीसीसाठी परवानगी देते. त्यातल्या फ्लाय अ‍ॅशमुळे, म्हणजे कोळशाच्या राखेमुळे, काँक्रीट पुढे अधिक घट्ट विणीचे होते आणि जमताना उष्णता कमी निघते, म्हणून कित्येक इंजिनिअर गच्चीच्या स्लॅबला पीपीसी मुद्दाम पसंत करतात. तेव्हा ‘स्वस्त म्हणजे कमजोर’ या पायावर पत्र उभे करण्यात अर्थ नव्हता.

फरक आहे तो वेगाचा. मानकाप्रमाणे ५३ ग्रेडच्या ओपीसीने सात दिवसांत किमान ३७ न्यूटनची ताकद दाखवायची असते, तर पीपीसीला तेवढ्याच दिवसांत २२ पुरतात आणि २८ दिवसांत ३३. बाजारातले बहुतेक पीपीसी याहून बरेच चांगले निघते, पण सुरुवातीच्या आठवड्यात ते मागे असते ही गोष्ट खरी. त्यात फ्लाय अ‍ॅशचे काम उशिरा सुरू होते आणि त्यासाठी ओलावा अधिक दिवस लागतो. म्हणूनच आयएस ४५६ मध्ये ओपीसीसाठी क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस सांगितले आहे, आणि हवा कोरडी व गरम असेल तर हेच आकडे दहा आणि चौदा दिवसांवर नेण्याची शिफारस आहे. सेंट्रिंग खोलण्याचे दिवसही असेच आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू चौदा दिवसांनी काढता येतात, पण त्या तक्त्याला दोन अटी जोडलेल्या आहेत: सिमेंट ओपीसी असले पाहिजे, आणि हवेचे तापमान १५ अंशांच्या खाली जाता कामा नये. या दोन अटी न पाळल्या तर दिवस वाढवावे लागतात. डिसेंबरअखेर पुण्यातल्या रात्री १५ अंशांच्या बऱ्याच खाली जातात, हे इथे कोणाला वेगळे सांगायला नको.

आता या साइटवर काय झाले ते पाहू. स्लॅबवर वाफे बांधून भरलेले पाणी २८ डिसेंबरला, म्हणजे बरोबर सात दिवसांनी बंद झाले. स्लॅबखालचे टेकू २९ तारखेला निघाले आणि बीमखालचे ५ जानेवारीला. स्लॅबचे गाळे चार मीटरच्या आतले आणि बीम पाच मीटरच्या आतले होते, म्हणजे ओपीसी असते आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेले नसते तर हे वेळापत्रक नियमात अचूक बसले असते. सिमेंट बदलले गेले, पण वेळापत्रक जुन्या सिमेंटचेच राहिले. माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा होता, आणि मालकांच्या पहिल्या मसुद्यात नेमका त्याचाच उल्लेख नव्हता, कारण कोणाचेही लक्ष आधी पैशांकडे जाते. पैशांचे म्हणाल, तर त्या आठवड्याच्या चलनांवरून दोन्ही सिमेंटच्या दरात गोणीमागे ३० रुपयांचा फरक होता. ५८ गोण्यांचे १,७४० रुपये होतात. एवढ्यासाठी कोणी मुद्दाम लबाडी करील असे मला वाटले नाही, आणि पत्रात ‘पैसे खाल्ले’ हा शब्दप्रयोग ठेवू नये असे सुचवण्याचे ते एक कारण होते.

दुसरी गोष्ट तारखेची होती. आम्ही बोलत होतो तो ८ जानेवारीचा दिवस होता आणि स्लॅबला १८ दिवस झाले होते. २८ दिवसांचे क्यूब अजून फोडायचे होते. ते फुटून गेल्यावर पत्र पाठवले असते तर ‘रिपोर्ट पास आहे’ एवढ्यावर विषय संपला असता, म्हणून पत्र त्याच दिवशी जाणे आवश्यक होते. अखेर पाठवले गेलेले पत्र असे होते.

दिनांक ८ जानेवारी

प्रति,
मा. कंत्राटदार,
पुणे.

विषय: गच्चीच्या स्लॅबसाठी करारात ठरलेल्या ५३ ग्रेड ओपीसीऐवजी पीपीसी सिमेंट वापरल्याबाबत खुलासा मिळण्याविषयी.

महोदय,

आपल्यात झालेल्या करारनाम्यानुसार आरसीसीच्या सर्व कामासाठी ५३ ग्रेडचे ओपीसी सिमेंट वापरायचे असून, साहित्यात कोणताही बदल करायचा झाल्यास मालक आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची आगाऊ लेखी संमती घेण्याचे ठरले आहे. दिनांक २१ डिसेंबर रोजी टाकलेल्या गच्चीच्या स्लॅबसंदर्भात त्या आठवड्याची चलने, आपल्या मुकादमाची वही आणि साइटवर शिल्लक राहिलेल्या २२ गोण्या पाहता, स्लॅबमध्ये वापरलेल्या १०८ गोण्यांपैकी किमान ५८ गोण्या पीपीसीच्या असल्याचे दिसते. या बदलासाठी आमची अथवा इंजिनिअरची संमती घेतल्याचे आमच्या माहितीत नाही. चलनांच्या, वहीच्या आणि गोण्यांच्या फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आमच्या हिशेबात काही चूक असल्यास ती कृपया कागदपत्रांसह दाखवून द्यावी.

पीपीसी हे मानकात बसणारे सिमेंट आहे याची आम्हाला कल्पना आहे आणि केवळ त्यामुळे स्लॅब कमजोर झाला असे आमचे म्हणणे नाही. तथापि ओपीसी का वापरले गेले नाही, बदल करण्याचा निर्णय कोणी आणि कधी घेतला, आणि तो आम्हाला का कळवला गेला नाही, याचा लेखी खुलासा करावा.

त्याचबरोबर सिमेंट बदलल्यानंतर क्युअरिंग आणि सेंट्रिंग खोलण्याच्या दिवसांत कोणता बदल केला तेही कळवावे. आमच्या माहितीप्रमाणे पाणी सातव्या दिवशी बंद झाले आणि स्लॅबखालचे टेकू आठव्या दिवशी काढण्यात आले. हे दिवस ओपीसीसाठीचे आहेत. पीपीसी वापरलेले असताना आणि त्या काळात रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली असताना एवढ्या दिवसांत टेकू काढण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घेतला, तेव्हा स्लॅबची ताकद किती भरली होती आणि ती कशावरून ठरवली, हे सांगावे.

स्लॅबच्या दिवशी भरलेल्या क्यूबविषयी पुढील माहिती द्यावी: एकूण किती क्यूब भरले, ते दिवसातल्या कोणत्या वेळी भरले, त्या वेळी मिक्सरमध्ये कोणत्या सिमेंटच्या गोण्या फोडल्या जात होत्या, आणि काँक्रीटचा तो भाग स्लॅबच्या कोणत्या बाजूला पडला. सात दिवसांचे क्यूब फोडले असल्यास त्याचा अहवाल द्यावा. २८ दिवसांचे क्यूब १८ जानेवारी रोजी आमच्या इंजिनिअरच्या उपस्थितीत फोडावेत.

या सर्व बाबींचा उलगडा होईपर्यंत स्लॅबवर विटा, वाळू किंवा इतर साहित्याचा साठा करू नये, कठड्याचे वीटकाम सुरू करू नये, आणि आमचे इंजिनिअर सांगतील त्या ठिकाणी टेकू पुन्हा लावून द्यावेत. या टप्प्याच्या बिलातील स्लॅबची रक्कम आम्ही तूर्त राखून ठेवत आहोत. बाकीच्या कामाची रक्कम नेहमीप्रमाणे दिली जाईल.

आपले उत्तर १५ जानेवारीपर्यंत लेखी मिळावे, ही विनंती.

आपला,
(घरमालक)

हे पत्र रजिस्टर पोस्टाने पोच पावतीसह गेले आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवला गेला. पत्रात ग्राहक आयोगाचा उल्लेख नाही हे काही वाचकांना खटकेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे जाते. म्हणजे मार्ग उघडा होता आणि त्यासाठी घाई नव्हती. ज्या माणसाकडून अजून प्लास्टर, फरशी आणि कठडा करून घ्यायचा आहे त्याला पहिल्याच पत्रात आयोग दाखवला, तर उत्तर त्याच्याकडून न येता त्याच्या वकिलाकडून येते, आणि त्यात सिमेंटविषयी उपयोगाचे काही नसते. पुढे आयोगात जावेच लागले असते तर हेच पत्र उत्तम पुरावा ठरले असते.

टेकू पुन्हा लावण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण साइटवर यात हमखास चूक होते. टेकू लावताना मजूर सवयीने खालून पाचर ठोकतात किंवा जॅक फिरवून स्लॅब ‘घट्ट’ करतात. गाळ्याच्या मध्यावर स्लॅबची सळई खालच्या बाजूला असते, वरच्या बाजूला जवळपास नसते. टेकूने मध्यभागी वर रेटा दिला तर तिथे वरून ताण येतो आणि जो स्लॅब चांगला होता त्याला वरून चीर पडू शकते. म्हणून टेकू नुसते टेकवायचे, हाताने हलणार नाहीत इतपत बसवायचे आणि थांबायचे. इंजिनिअर ते करून घेताना स्वतः खाली उभे राहिले होते. स्लॅब खाली झुकल्याचे किंवा खालून चिरा गेल्याचे तोवर काही दिसले नव्हते. वरच्या बाजूला काही केसासारख्या चिरा होत्या, पण त्या पहिल्या दिवशीच पृष्ठभाग लवकर वाळल्याने पडलेल्या होत्या आणि त्यांचा ताकदीशी संबंध नव्हता.

कंत्राटदाराचे उत्तर १४ जानेवारीला आले, आणि ते अपेक्षेपेक्षा सरळ होते. त्याने लिहिले की त्या आठवड्यात दुकानदाराकडे ५३ ग्रेडच्या ५० च गोण्या मिळाल्या, स्लॅबची टोळी आणि मिक्सर ठरलेले होते, दिवस पुढे ढकलला असता तर टोळी आठ-दहा दिवस मिळाली नसती, म्हणून वीटकामासाठी मागवलेल्या पीपीसीच्या गोण्या वापरल्या. ‘सरांना’ सांगायचे राहून गेले. क्युअरिंग आणि टेकूंच्या बाबतीत ‘नेहमीप्रमाणे’ केले, एवढेच उत्तर होते. क्यूब मात्र सहा भरले होते, तीन-तीनचे दोन नमुने. १५ घनमीटरपर्यंतच्या कामाला मानकात दोनच नमुने सांगितले आहेत, तेव्हा संख्येत कमतरता नव्हती. पण दोन्ही नमुने सकाळी साडेदहापर्यंत भरून झालेले होते, कारण प्रयोगशाळेचा माणूस त्या वेळी साइटवर होता आणि नंतर निघून गेला.

या एका वाक्यात प्रकरणाची दिशा बदलली. ओपीसीच्या गोण्या मिक्सरच्या शेजारी रचलेल्या होत्या आणि सकाळी त्याच आधी फुटल्या. मालकांच्या मुलाने काढलेल्या फोटोंत साडेअकराच्या सुमारास मिक्सरपाशी पडलेल्या रिकाम्या गोण्या ओपीसीच्या आणि दुपारी दोनच्या फोटोत पीपीसीच्या दिसत होत्या. याचा अर्थ सहाही क्यूब त्या भागाचे होते ज्याच्याबद्दल वाद नव्हताच. १८ जानेवारीला ते इंजिनिअरसमोर फुटले आणि चांगले निघाले, सरासरी ३१ न्यूटनच्या आसपास. कंत्राटदाराला वाटले विषय मिटला. इंजिनिअरने त्याला शांतपणे दाखवून दिले की हा अहवाल स्लॅबच्या पूर्वेकडच्या, जिन्याजवळच्या निम्म्या भागाचा आहे, आणि पश्चिमेकडच्या निम्म्या भागाचा एकही क्यूब अस्तित्वात नाही.

कंत्राटदाराने मग हॅमर टेस्ट, म्हणजे काँक्रीटवर हातोड्यासारखे यंत्र आपटून त्याच्या उसळीवरून ताकदीचा अंदाज घेणारी चाचणी, करून घेण्याची तयारी दाखवली. ही चाचणी स्वस्त आहे आणि स्लॅबला भोक पडत नाही, पण तिच्यावरून ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो हे तिच्या मानकातच सांगितलेले आहे. २५ न्यूटन अपेक्षित असलेल्या काँक्रीटला एवढी ढिलाई परवडत नाही. म्हणून हॅमर वापरला तो फक्त दोन्ही भागांची तुलना करून पश्चिम भागातल्या कमी आकडे दाखवणाऱ्या जागा शोधण्यासाठी, आणि निर्णय कोअरवर सोपवला.

कोअर म्हणजे स्लॅबमधून यंत्राने काढलेला काँक्रीटचा दंडगोल. त्याचा व्यास खडीच्या कमाल आकाराच्या तिप्पट तरी हवा. खडी २० मिलिमीटरची होती, म्हणून ७५ मिलिमीटरचा व्यास निवडला. आधी सळई शोधण्याच्या यंत्राने जाळी आखून घेतली, म्हणजे सळई कापली जाणार नाही, आणि बीमजवळची व गाळ्याच्या अगदी मध्यावरची जागा टाळली. किती दिवसांनी कोअर काढायचे यावर थोडी ओढाताण झाली. मालकांना ते लगेच हवे होते. इंजिनिअरचे म्हणणे असे की पीपीसीची ताकद २८ दिवसांनंतरही भरत राहते आणि स्लॅबवर तोवर कोणताही भार येणार नाही, तर ५६ दिवसांनी कोअर काढणे न्याय्य ठरेल. मला त्यांचे म्हणणे पटले, पण ते पटण्यामागे ‘स्लॅबवर भार येणार नाही’ ही अट होती. टेकू लावून आणि वीटकाम थांबवून ती पाळली गेली नसती, तर उशिरा काढलेल्या चांगल्या आकड्याला अर्थ राहिला नसता, कारण नुकसान व्हायचे असते तर ते आधीच्या आठवड्यांत झाले असते.

१५ फेब्रुवारीला पश्चिम भागातून तीन कोअर काढले. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने लांबी-व्यासाची दुरुस्ती लावून क्यूबच्या मापात काढलेले आकडे २२.४, २४.१ आणि २३.० असे आले. हे आकडे २५ पेक्षा कमी पाहून मालकांचा चेहरा उतरला, आणि इथे आणखी एका नियमाची माहिती लागते. प्रत्यक्ष बांधकामातल्या काँक्रीटला क्यूबसारखी देखभाल मिळत नाही आणि कोअर कापतानाही त्याला थोडी इजा होते, म्हणून आयएस ४५६ मध्ये तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांपेक्षा कमी नाही, एवढी अट आहे. एम २५ साठी त्या मर्यादा २१.२५ आणि १८.७५ होतात. इथली सरासरी २३.२ च्या जवळपास आणि सर्वांत कमी आकडा २२.४ होता. स्लॅब उत्तीर्ण झाला. सरासरी २१.२५ च्या खाली गेली असती तर पुढची पायरी भार चाचणीची होती, ज्यात स्लॅबवर ठरावीक भार २४ तास ठेवून तो किती झुकतो आणि भार काढल्यावर किती परत येतो हे मोजतात. तिची वेळ आली नाही.

प्रश्न ताकदीचा मिटला, तरी कराराचा मिटलेला नव्हता, आणि या दोन्हींची सरमिसळ होऊ नये यासाठी मालकांनी शेवटपर्यंत काळजी घेतली. कंत्राटदाराचा सूर असा होता की स्लॅब पास झाला म्हणजे राखून ठेवलेली सगळी रक्कम सोडावी. पण कोअर आणि हॅमरचा खर्च त्याने न विचारता केलेल्या बदलामुळेच ओढवला होता, आणि क्यूब दुपारीही भरले असते तर तो मुळात झालाच नसता. बैठक इंजिनिअरच्या ऑफिसात झाली आणि ठरले ते एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या.

त्यानुसार चाचण्यांचा पूर्ण खर्च आणि सिमेंटच्या दरातला १,७४० रुपयांचा फरक स्लॅबच्या बिलातून वजा झाला. कोअरची भोके कंत्राटदाराने न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवून द्यायची होती. क्युअरिंग तीन दिवस कमी झाल्याने पृष्ठभागाची वीण थोडी उघडी राहण्याची शक्यता होती, म्हणून गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर सात दिवस पाणी साठवून गळतीची चाचणी द्यावी आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत गळती निघाल्यास ती स्वखर्चाने दुरुस्त करावी, ही अट इंजिनिअरच्या सांगण्यावरून घातली गेली. टेकू काढण्याची आणि कठड्याचे वीटकाम सुरू करण्याची परवानगी त्याच दिवशी दिली, आणि स्लॅबची उरलेली रक्कम भोके बुजवून झाल्यावर चुकती केली.

त्या कागदात शेवटचे कलम मालकांनी स्वतःच्या हाताने जोडले: वीटकाम आणि प्लास्टर यांसाठी पीपीसी वापरण्यास संमती आहे, आरसीसीच्या उरलेल्या कामासाठी, म्हणजे पाण्याच्या टाकीखालचे बीम आणि जिन्यावरचा छोटा स्लॅब यांसाठी, पीपीसी वापरायचे झाल्यास दोन दिवस आधी कळवावे, क्यूब प्रत्येक सिमेंटच्या काँक्रीटचे वेगळे भरावेत, आणि पाणी चौदा दिवस चालू ठेवावे.